सगळ्यांना रोज बोलावू नका

*ताई, आम्ही येळ्ळूरचे नऊ जण २५ जानेवारीला, रविवारी, गावातल्या शाळेच्या मैदानावर दोन अंकी नाटक करतोय. आमच्यातल्याच एकाने लिहिलंय, ६२ पानं आहेत, संहिता सोबत पाठवतो. १ डिसेंबरपासून देवळाच्या सभामंडपात तालीम. थोरल्या भावाचं काम करणारा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. १ तारखेला फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट. सून नर्स आहे, आत्या शिक्षिका आहे (डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्नेहसंमेलन), वडिलांचं किराणा दुकान साडेआठला बंद होतं, तलाठ्याचं काम करणारा पोलिसात आहे, डिसेंबरात अधिवेशनाच्या बंदोबस्ताला असतो. बाकीचे चौघे संध्याकाळी मोकळे. गेल्या वर्षी रोज सातला सगळ्यांना बोलावलं. यायचे चार-पाच जण, तेही साडेआठला. शेवटच्या आठवड्यात दुसरा अंक कुणाचाच पाठ नव्हता. यंदा वेळापत्रक कसं करू?*
*— एक दिग्दर्शक, येळ्ळूर, ता. बेळगाव*

नमस्कार,

तुमची संहिता पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. नाटक चांगलं आहे. दुसऱ्या अंकात आत्या आणि सून धान्य पाखडत बोलतात तो भाग तर मला फार आवडला. पण वाचताना माझं लक्ष मुख्यतः एकाच गोष्टीवर होतं: रंगमंचावर कोण येतं आणि कोण जातं. कुणी आत आलं किंवा बाहेर गेलं की मी समासात रेघ मारली. दोन रेघांमधला भाग म्हणजे एक तुकडा, आणि त्या तुकड्यात माणसं तीच राहतात. असे पहिल्या अंकात आठ आणि दुसऱ्यात सात, एकूण पंधरा तुकडे निघाले. वेळापत्रक अंकांचं किंवा पानांचं करू नका, या तुकड्यांचं करा.

आता एक मोठा कागद घ्या. डावीकडे एकाखाली एक तुकड्यांचे आकडे लिहा, वर नऊ पात्रं, आणि जे पात्र ज्या तुकड्यात आहे तिथे फुली करा. फुल्या भरून झाल्या की तुम्हाला जे दिसेल ते मी आधीच सांगते. नऊच्या नऊ जण एकत्र असलेले तुकडे फक्त दोन आहेत, आठवा आणि पंधरावा, म्हणजे दोन्ही अंकांचे शेवट. उरलेल्या तेरा तुकड्यांत कुठे दोन, कुठे तीन, जास्तीत जास्त पाच माणसं आहेत. रोज सगळ्यांना बोलावलं की चार-पाच जण नुसते खांबाला टेकून बसतात. दिवसभर भट्टीपुढे किंवा वॉर्डात उभं राहून आलेला माणूस असा दोन संध्याकाळी बसला की तिसऱ्या संध्याकाळी साडेआठला येतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

दुसऱ्या अंकाचं जे झालं त्याचं कारणही यातच आहे. अर्धीच माणसं आली की आपण म्हणतो, चला, सुरुवातीपासून घेऊ. रोज सुरुवातीपासून घेतल्याने पहिली पंधरा पानं चाळीस वेळा होतात आणि शेवटची पंधरा चार वेळा. पहिला प्रवेश गुळगुळीत होतो, दिग्दर्शकाला बरं वाटतं, आणि नाटक जिथे उभं राहायचं तो शेवट मात्र कुणाच्या अंगात भिनलेला नसतो. म्हणून यंदा दुसरा अंक दुसऱ्याच आठवड्यात सुरू करायचा आहे. ते कसं जमतं हे थोरल्याच्या शिफ्टमुळेच दिसतं, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

थोरला आठ तुकड्यांत आहे: दुसरा, तिसरा, सहावा, आठवा, आणि पुढच्या अंकात दहावा, बारावा, चौदावा, पंधरावा. सात तुकडे त्याच्याशिवाय होतात: पहिला, चौथा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा, तेरावा. आता त्याच्या शिफ्ट आठ आठवड्यांवर मांडा. फर्स्ट शिफ्टला तो दुपारी सुटतो, म्हणजे पहिला, चौथा आणि सातवा आठवडा संध्याकाळी तो तुमचा. सेकंड शिफ्टला तो रात्री अकराला सुटतो, म्हणजे दुसरा आणि पाचवा आठवडा तो फक्त रविवारी मिळेल. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात नाईट आहे. त्या आठवड्यांत तो साडेसातला येऊ शकेल, पण झोपेतून उठून आलेला असेल आणि साडेनऊला निघून कामावर जायचं असेल. भांडणाचा, रडण्याचा, मोठ्या आवाजाचा तुकडा तेव्हा त्याच्याकडून करून घेऊ नका.

आणि आठवा आठवडा मोजा. प्रयोगाच्या आठवड्यात तो सेकंड शिफ्टला आहे.

हे २० जानेवारीला कळलं असतं तर काय झालं असतं ते मी भोगलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी टिळकवाडीत एक नाटक बसवताना वडिलांची भूमिका करणारे गृहस्थ एका कारखान्यात होते. मी त्यांच्या शिफ्ट विचारल्याच नव्हत्या. रंगीत तालमीला ते येऊ शकले नाहीत. त्यांचे संवाद मी पुस्तकातून वाचले आणि म्हटलं, उद्या निभावेल. पण त्याच संध्याकाळी नेपथ्यवाल्यांनी दार उजवीकडून डावीकडे हलवलं होतं, आणि ते त्यांना कुणीच सांगितलं नाही. प्रयोगात ते उजव्या विंगेतून आले, म्हणजे प्रेक्षकांना दिसलं की माणूस भिंतीतून आला. समोर मुलगी दाराकडे बघत, प्रेक्षकांच्या उलट्या बाजूला तोंड करून उभी. त्या दोघांचा सगळ्यात नाजूक प्रसंग तिथेच गेला. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हा तुमच्या थोरल्याला आजच भेटा. आठव्या आठवड्यात शुक्रवार २३ आणि शनिवार २४ हे दोन दिवस तरी त्याला शिफ्ट बदलून घेता येईल का, जोडीदार कोण, सुपरवायझरला कधी सांगायचं, हे डिसेंबर उजाडायच्या आत ठरू दे. दोन महिने आधी विचारलं की जोडीदार सहसा हो म्हणतो, कारण त्यालाही मधे कधीतरी लग्नाला किंवा यात्रेला जायचं असतं आणि देवाणघेवाण होते. हे जमणारच नसेल तर रजा. तीही मिळणार नसेल तर हा माणूस या प्रयोगासाठी ही भूमिका करू शकत नाही, हे १ डिसेंबरला मान्य करणं त्याच्यासाठीही बरं.

तालमीचे वार मंगळवार, गुरुवार, शुक्रवार ठेवा, साडेसात ते साडेनऊ. रविवारी चार ते सात. आठवड्याला नऊ तास होतात, आणि सुट्ट्या, राखीव दिवस वजा जाता हाताशी साठेक तास उरतात. पावणेदोन तासांच्या नाटकाला हौशी मंडळींसाठी तेवढे पुरतात, पण त्यातला एकही तास वाट पाहण्यात जायला नको.

पहिल्या मंगळवारी, २ तारखेला, मात्र सगळे हवेत. गोल बसून आख्खं नाटक वाचा आणि घड्याळ लावा. नुसत्या वाचनाला जितका वेळ लागेल त्यापेक्षा प्रयोग दहा-पंधरा मिनिटांनी लांबतो, कारण वाचताना कुणी उठून दार उघडत नाही. वाचन शंभर मिनिटांच्या पुढे गेलं तर त्याच रात्री लेखकाला घेऊन बसा आणि पानं कापा. तिसऱ्या आठवड्यात पाठ झालेला संवाद कापला की नटाला ते लागतं. पहिल्या दिवशी कापलेलं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पहिला आठवडा थोरला मोकळा आहे, म्हणून त्याचेच तुकडे घ्या. गुरुवारी दुसरा आणि तिसरा, शुक्रवारी सहावा, रविवारी ७ तारखेला सगळ्यांसह आठवा. आठवा इतक्या लवकर घेण्याचं कारण तलाठी आहे. तो फक्त सातव्या, आठव्या आणि पंधराव्या तुकड्यात आहे, आणि सुवर्ण सौधमध्ये अधिवेशन सुरू झालं की पोलिसांच्या संध्याकाळी त्यांच्या हातात राहत नाहीत. त्याला ७ तारखेला एकदा घ्या आणि मग अधिवेशन संपेपर्यंत बोलावूच नका.

दुसऱ्या आठवड्यात थोरला सेकंडला गेला की त्याच्याशिवायचा दुसरा अंक उभा करा. मंगळवारी नववा, गुरुवारी अकरावा, शुक्रवारी तेरावा. हेच आत्याचे मुख्य तुकडे आहेत, आणि पुढच्या आठवड्यात ती स्नेहसंमेलनात अडकणार आहे, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच फटक्यात जमतात. रविवारी थोरला सुट्टीवर, मग दहावा. १४ डिसेंबरला दुसऱ्या अंकाचे सातपैकी चार तुकडे उभे झालेले असतील. गेल्या वर्षी या तारखेला तुम्ही कुठे होता ते आठवून बघा.

तिसऱ्या आठवड्यात पहिल्या अंकाचे राहिलेले: मंगळवारी पहिला आणि चौथा, गुरुवारी पाचवा. थोरल्याला तीन दिवस झोपू दे. शुक्रवार १९ राखीव ठेवा. राखीव म्हणजे सुट्टी नव्हे. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी लग्न निघालं, मार्गशीर्षात कुणी सौंदत्तीला गेलं, तर त्या दिवशीचा तुकडा इथे येतो. असा एक शुक्रवार इथे आणि एक पाचव्या आठवड्यात, हे आधीच वेळापत्रकात लिहा, नाहीतर बुडालेला पहिला दिवस पुढच्या सगळ्या दिवसांना ढकलत जातो. रविवारी २१ ला पहिला अंक सलग, हातात पुस्तक घेऊन. सातवा अजून बसलेला नसेल, तो नुसता वाचून पुढे जा.

चौथ्या आठवड्यात थोरला पुन्हा फर्स्टला. मंगळवारी सातवा, कारण तलाठी एव्हाना सुटलेला असेल, आणि त्याच संध्याकाळी बारावा. गुरुवारी २५ ला नाताळची सुट्टी बहुतेकांना असते, दुकान मात्र उघडं असेल, तेव्हा दुपारीच वडिलांशिवायचा चौदावा निवांत घ्या. हा दोन भावांचा वाटणीचा प्रसंग आहे, त्याला तीन तास द्या. शुक्रवारी सगळ्यांसह पंधरावा. रविवारी २८ ला आख्खं नाटक पहिल्यांदा पहिल्यापासून शेवटपर्यंत. पहिला अंक पुस्तकाशिवाय, दुसरा पुस्तकासह. हे अडखळत होईल, चार तास लागतील, होऊ दे. त्या दिवशी अभिनयावर एक शब्द बोलू नका. कोण कुठून येतं, हातात काय असतं आणि दोन तुकड्यांच्या मधे कुणाला साडी बदलायला वेळ मिळतो का, एवढंच टिपून घ्या. तुमच्या सुनेला पाचव्या आणि सहाव्याच्या मधे मिळत नाही, हे मी आत्ताच सांगते. लेखकाला तिथे शेजाऱ्याची चार वाक्यं वाढवायला लावा.

पाठांतराच्या दोन तारखा भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा: पहिला अंक २८ डिसेंबर, दुसरा अंक ४ जानेवारी. यापेक्षा लवकर मागू नका. ज्या तुकड्याच्या हालचाली बसलेल्या नाहीत त्याचं पाठांतर घरी खुर्चीवर बसून होतं, आणि मग उभं राहून चालायला लागलं की निम्मं गळून पडतं. संवाद पायांबरोबर पाठ होतात. पाट उचलताना हे वाक्य, खिडकीकडे जाताना ते. म्हणून आधी तुकडा बसवायचा आणि पुस्तक त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सुटलं पाहिजे. ठरलेल्या तारखेनंतर पुस्तक हातात घेऊन उभं राहायचं नाही. अडलं तर तिथेच उभं राहून 'पुढे' म्हणायचं आणि प्रॉम्प्टरने शब्द द्यायचा. माफी मागत बसायचं नाही, तुकडा तुटतो.

प्रॉम्प्टर पहिल्या दिवसापासून एकच असू दे, आणि ती व्यक्ती नऊ नटांपैकी नको. तिच्याकडे एक पुस्तक, एक पेन्सिल. दिलेल्या प्रत्येक शब्दाला त्या ओळीपाशी एक टिंब. २८ तारखेला पहिल्या अंकाची टिंबं मोजा. माझ्या अनुभवात वीस-पंचवीसपर्यंत असतील तर गाडी रुळावर आहे. पन्नासच्या वर गेली तर पाचव्या आठवड्यातली बारीक कामं बाजूला ठेवा आणि त्या तीन संध्याकाळी फक्त संवाद म्हणवून घ्या, तेही बसून, भराभर, अभिनय न करता. टिंबं कुठे दाटली आहेत हेही बघा. एकाच्याच वाक्यांवर असतील तर तो पाठ करत नाही. पण तीन वेगवेगळी माणसं एकाच जागी अडत असतील तर लिखाणातच दोन वाक्यं एकमेकांना धरून नाहीत, तिथे वाक्य बदला.

फाउंड्रीवाल्याला आणि दुकानदाराला पुस्तक घेऊन बसायला वेळ मिळणार नाही. त्यांच्यासाठी प्रॉम्प्टरने मोबाईलवर तुकडे रेकॉर्ड करावेत. समोरच्याचे संवाद आवाजात, आणि यांच्या वाक्याच्या जागी तेवढीच शांतता. येता-जाता, माल लावताना कानात लावायचं आणि मोकळ्या जागेत स्वतःचं वाक्य म्हणायचं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते: कुणाचं शिक्षण कन्नड माध्यमात झालेलं असतं, मराठी अस्खलित बोलतो पण देवनागरी सावकाश वाचतो, आणि ते सांगायला लाजतो. पहिल्या वाचनात तुमच्या ते लक्षात येईल. त्यालाही हेच रेकॉर्डिंग द्या, चारचौघात विचारू नका.

एका संध्याकाळीही माणसं वेळेनुसार लावायची. साडेसातला असा तुकडा घ्या ज्यात वडील नाहीत. त्यांना पावणेनऊला बोलावा, दुकानाचं शटर ओढून ते येतील तेव्हा त्यांचा तुकडा नुकताच सुरू होत असेल. सुनेची हॉस्पिटलची ड्युटी दुपारची असेल तर तीही त्याच वेळेला पोचते. तिची जानेवारीची ड्युटी डिसेंबर संपता संपता कळेल, म्हणून जानेवारीतले तिचे तुकडे आत्ता पेन्सिलने लिहा. शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पुढच्या आठवड्याचा निरोप टाका, आणि तो नावानिशी असू दे: 'मंगळवार. साडेसात: आई, धाकटा, शेजारी, चौथा तुकडा. पावणेनऊ: वडील आणि सूनही, पाचवा तुकडा. साडेनऊला बंद.' 'जमेल तसं या' असं एकदाही लिहू नका. आणि साडेनऊला खरंच बंद करा, रंगात आलेलं असलं तरी. वेळेवर सोडणाऱ्याकडे माणसं वेळेवर येतात.

साडेसातला ज्यांना बोलावलं त्यांपैकी दोघेच आले तर दोघांना घेऊन सुरू करा. तिसऱ्याच्या जागी प्रॉम्प्टरने पुस्तक घेऊन उभं राहायचं आणि त्याच्या हालचालींसकट चालायचं. नुसतं बाजूला बसून वाचून चालत नाही. समोरच्या नटाला कुणाकडे बघायचं ते कळलं पाहिजे.

सभामंडपाबद्दल एक. मैदानावर रंगमंच किती फुटी मिळणार हे मंडपवाल्याला आत्ता विचारा आणि तेवढी जागा सभामंडपात खडूने आखा. चोवीस फूट रुंद, अठरा खोल असेल तर तसा चौकोन. दार कुठे, खिडकी कुठे, माजघर कुठल्या बाजूला, तेही खडूनेच. सभामंडपातला खांब चौकोनाच्या मधे आला तर चौकोन सरकवा, खांबाला वळसा घालून हालचाली बसवू नका. मैदानावर खांब नसेल आणि थोरला तरीही वळसा घालेल. रोज आरतीनंतर फरशी पुसली जाते, म्हणून कोपऱ्यांवर रंगाचे चार ठिपके देऊन ठेवा, पुजारीबुवांना विचारून.

पाचव्या आठवड्यात थोरला नाही. चौथा, पाचवा, नववा यांवर बारीक काम. शुक्रवार राखीव. रविवारी ४ ला दुसरा अंक पुस्तकाशिवाय. सहाव्या आठवड्यात मंगळवारी सातवा, गुरुवारी थोरला थोडा वेळ येईल, तेव्हा दहावा आणि बारावा आवाज न चढवता, नुसत्या हालचाली आणि शब्द. शुक्रवारी अकरावा आणि तेरावा. रविवारी ११ ला पहिली सलग तालीम. काहीही झालं तरी थांबायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. वही घेऊन मागे बसा आणि घड्याळ लावा.

हा वेळेचा आकडा फार महत्त्वाचा आहे, कारण तुमचा प्रयोग उघड्यावर आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. साडेसातला पडदा, एकशे दहा मिनिटं नाटक, पंधरा मिनिटं मध्यंतर, म्हणजे साधारण नऊ पस्तीसला संपेल. पण आधी सत्कार आणि भाषणं असतील तर? अर्धा तास गेला की शेवटचा प्रसंग माईकशिवाय होईल आणि मागच्या रांगेला ऐकूच जाणार नाही. ११ तारखेचा आकडा घेऊन १२ लाच मंडळाच्या अध्यक्षांकडे जा आणि सत्कार मध्यंतरात किंवा पडदा उघडायच्या आधी दहा मिनिटांत उरकायचं ठरवून घ्या.

सातवा आठवडा सलग तालमींचा. मंगळवारी १३ ला आधी दुसरा अंक, मग वेळ उरला तर पहिला. संक्रांत बुधवारी आहे, किंक्रांतीचा गुरुवार सोडून द्या, घराघरांत माणसं असतात. शुक्रवारी पहिला अंक. रविवारी १८ ला सगळं सामान हातात घेऊन सलग: खरी सुपं, खरा पाट, सातबाऱ्याचा खरा कागद. साड्याही त्या दिवशीच नेसून बघायच्या. यापुढे नवीन काही सुचवू नका. मलाही नेहमी शेवटच्या आठवड्यात काहीतरी छान सुचतं, पण थकलेल्या माणसाला सातव्या आठवड्यात दिलेली नवी हालचाल प्रयोगात जुन्या हालचालीला येऊन धडकते. हा मोह मी प्रयत्नपूर्वक टाळते.

शेवटच्या आठवड्यात मंगळवारी २० ला सभामंडपात सलग तालीम, थोरल्याच्या जागी प्रॉम्प्टर. गुरुवारी २२ ला रंगमंच उभा राहायला हवा, मंडपवाल्याशी तारीख लेखी ठरवा. त्या दिवशी नटांना सुट्टी. शुक्रवारी २३ ला मैदानावर प्रकाश आणि आवाजाची तालीम. ही नाटकाची तालीम नसते. एका क्यूवरून दुसऱ्या क्यूवर उडी मारत जायचं: क्यूच्या आधीची दोन वाक्यं, दिवा पडतो, आवाज येतो, नीट झालं की थेट पुढच्या क्यूवर. तुमच्या संहितेत मी अडतीस क्यू मोजले. एकेकाला चार मिनिटं धरली तर अडीच तास होतात. अंधार सातच्या सुमाराला पडतो आणि आवाज दहाला बंद, म्हणजे वेळ जेमतेम पुरतो. त्यामुळे दिवे आणि स्पीकर दुपारीच लावून, पेटवून झालेले हवेत. लाईट गेली तर काय, हेही त्याच दिवशी ठरवा. जनरेटर कुणाचा, तो सुरू करायला किती मिनिटं लागतात आणि तोवर नटांनी जागेवर थांबायचं की आत जायचं.

लाईटवाला कन्नडभाषक असण्याची शक्यता आपल्याकडे चांगलीच आहे. त्याला मराठी संवादावर क्यू देऊ नका, आकड्यावर द्या. प्रॉम्प्टरच्या पुस्तकात समासात १ ते ३८ आकडे, त्याच्या कागदावर तेच आकडे आणि पुढे कन्नडमध्ये काय करायचं ते. प्रॉम्प्टरने त्याच्याशेजारी बसून आकडा म्हणायचा. मग तो संवाद ऐकत बसत नाही आणि चुकतही नाही.

शनिवारी २४ ला रंगीत तालीम, प्रयोगाच्याच वेळेला, साडेसातला, मेकअप आणि कपड्यांसह, न थांबता. आत्या दिवसभर शाळेत २६ जानेवारीच्या संचलनाच्या तयारीत उभी असेल, तिला मेकअपला सगळ्यांत शेवटी बसवा. प्रॉम्प्टर विंगेत, तुम्ही शेवटच्या रांगेत. संपल्यावर मैदानातच नऊ जणांना गोल बसवून टिपणं वाचून दाखवा, प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन. बाकीची वहीतच राहू द्या. रविवारी दुपारी चारला सगळे मैदानावर. आधी थोरल्याला रंगमंचावर न्या आणि दार कुठे आहे ते त्याच्याबरोबर चालून दाखवा, दोनदा, आत आणि बाहेर.